पाच खेळाडू, सात सामने: सॉर्टिंगच्या किमान मर्यादेची पार्श्वभूमी

पोलिश गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांच्या 'मॅथेमॅटिकल स्नॅपशॉट्स' या पुस्तकाच्या १९५०च्या आवृत्तीत एक साधा प्रश्न आहे. काही टेनिसपटूंचा पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण क्रम लावायचा आहे. सरस खेळाडू प्रत्येक वेळी जिंकतोच, असं गृहीत धरू. मग वाईटात वाईट परिस्थितीतही क्रम नक्की लागेल याची खात्री हवी असेल, तर कमीत कमी किती सामने घ्यावे लागतील?

स्टाइनहाउस यांनी सुचवलेली पद्धत आज कॉलेजात बायनरी इन्सर्शन म्हणून शिकवतात. आधीच्या खेळाडूंची रांग तयार ठेवायची. नवा खेळाडू आला की त्याला रांगेच्या मधल्याशी खेळवायचं. जिंकला तर वरच्या अर्ध्या भागात, हरला तर खालच्या अर्ध्या भागात त्याची जागा शोधायची. पाच खेळाडूंसाठी या पद्धतीत ०, १, २, २ आणि ३ असे मिळून जास्तीत जास्त आठ सामने होतात. हीच पद्धत सर्वोत्तम असावी, असा त्यांचा अंदाज होता. तो पाच खेळाडूंपाशीच चुकला. हॉवर्ड डेमुथ यांनी १९५६मध्ये स्टॅनफर्डच्या पीएचडी प्रबंधात पाच वस्तूंचा क्रम सात तुलनांत लावून दाखवला. पुढे स्टाइनहाउस यांनी स्वतःच कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात लिहून टाकलं, की ट्रिबुवा आणि चेन या सहकाऱ्यांनी आपला अंदाज खोटा ठरवला आहे. लेस्टर फोर्ड आणि सेल्मर जॉन्सन यांनी कितीही खेळाडूंना लागू पडणारी सुधारित पद्धत १९५९मध्ये प्रसिद्ध केली.

आठाचे सात झाले, तर उद्या कोणी सहा का करू नयेत? हे होणार नाही, आणि ते सांगायला एकही पद्धत तपासावी लागत नाही. सॉर्टिंगच्या अभ्यासातला मला सर्वांत जास्त आवडणारा युक्तिवाद हाच आहे.

पाच वेगवेगळ्या वस्तूंचे ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे १२० क्रम संभवतात. यांतला खरा कोणता, हे अल्गोरिदमला शोधायचं आहे. त्याच्या हातात एकच साधन आहे: दोन वस्तू उचलायच्या आणि लहान कोणती ते विचारायचं. उत्तर दोनांपैकी एक. आता समजा, उत्तर देणारा आपला विरोधक आहे आणि त्याने वस्तूंचा क्रम अजून ठरवलेलाच नाही. त्याच्यासमोर १२० क्रमांची यादी आहे. प्रश्न आला, की त्या यादीचे दोन गट पडतात: 'हो' या उत्तराशी जुळणारे क्रम आणि 'नाही'शी जुळणारे. विरोधक मोठा गट राखतो, लहान गटावर काट मारतो आणि मोठ्या गटाला साजेसं उत्तर देतो. मोठा गट निम्म्याहून कमी असूच शकत नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नानंतर निदान ६० क्रम उरतात, मग ३०, १५, ८, ४, आणि सहाव्या प्रश्नानंतरही निदान २. विषम संख्या आली की मोठा गट निम्म्याहून थोडा जास्तच असतो, म्हणून पंधराचे आठ.

दोन क्रम उरले असताना अल्गोरिदमने उत्तर जाहीर केलं, तर त्यातला एक क्रम खरा असताना ते चुकीचं ठरेल. म्हणून सहा तुलना पुरत नाहीत. यात विरोधकाने फसवाफसवी केली, असंही म्हणता येत नाही. त्याच्या यादीत शेवटपर्यंत एक तरी क्रम शिल्लक असतो आणि त्याची सगळी उत्तरं त्या क्रमाशी तंतोतंत जुळतात. म्हणजे अल्गोरिदमला इतकं राबवणारा इनपुट खरोखर अस्तित्वात आहे. वर्स्ट केस म्हणतात ती हीच.

हीच मोजणी हाताशी ठेवली, की सात तुलनांची युक्ती कशी जमते तेही उघड दिसतं. खेळाडू अ, ब, क, ड, इ. अ विरुद्ध ब खेळवा, क विरुद्ध ड खेळवा, मग दोन्ही विजेते खेळवा. समजा ब आणि ड जिंकले आणि त्यांच्यात ड सरस ठरला. तीन सामने झाले. आता अ, ब, ड ही चढती रांग तयार आहे आणि क हा ड च्या खाली कुठेतरी आहे. शक्य क्रम किती उरले? क साठी तीन जागा, त्यानंतर इ साठी पाच, म्हणजे १५. हातात चार सामने आहेत आणि चार सामन्यांत सोळापर्यंत शक्यता वेगळ्या करता येतात. जेमतेम पुरतंय.

इथे मन साहजिकच क कडे धावतं, कारण त्याच्याबद्दल थोडी माहिती आधीच आहे. पण क ला ब शी खेळवलं तर १५ क्रम १० आणि ५ असे फुटतात. दहा उरले तर बाकीचे तीन सामने जास्तीत जास्त आठच शक्यता वेगळ्या करू शकतात. खेळ तिथेच हातचा गेला. त्याऐवजी ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्या इ ला ब शी खेळवा. आता १५ क्रम ८ आणि ७ असे फुटतात, याहून समान वाटणी शक्यच नाही. इ हरला तर त्याला अ शी खेळवा, ८चे ४ आणि ४ होतात. जिंकला तर ड शी खेळवा, ७चे ४ आणि ३ होतात. शेवटी क ला उरलेल्या दोन सामन्यांत जागेवर बसवा. ड च्या खालच्या खेळाडूंची रांग तिघांहून लांब कधीच नसते, म्हणून दोन सामने पुरतात. स्टाइनहाउस यांच्या पद्धतीत नेमकं कुठे वाया जातं, तेही यातून कळतं. तिथे चौघांची पूर्ण रांग पाच सामन्यांत लागते आणि पाचव्यासाठी पाच जागा उरतात. दोन सामने चारच जागा वेगळ्या करतात. एका जागेपायी आठवा सामना घ्यावा लागतो.

पाचाच्या ठिकाणी n घेतला, तरी युक्तिवादातला एक शब्दही बदलत नाही. n वस्तूंचे n! क्रम, प्रत्येक तुलनेत फार तर निम्मे बाद, म्हणून निदान log₂(n!) तुलना. हा आकडा n log n च्या घरातला आहे, हे पाहायला स्टर्लिंगच्या सूत्राचीही गरज नाही. n! हा n अवयवांचा गुणाकार आहे आणि त्यांतले निदान निम्मे अवयव n/2 किंवा त्याहून मोठे आहेत. बाकीचे सोडून द्या. तरीही

n! ≥ (n/2)^(n/2)

आणि म्हणून तुलना निदान (n/2) log₂(n/2). अवयव सोडल्यामुळे पदरात निम्म्याच्या आसपासच पडलं, पण वाढीचा वेग n log n चाच राहिला. क्विकसॉर्ट घ्या, हीपसॉर्ट घ्या किंवा उद्या कोणी नवी पद्धत काढो. ती वस्तूंच्या जोड्या करून तुलनाच करत असेल, तर वर्स्ट केसमध्ये या मर्यादेखाली जाऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूने या मर्यादेच्या अगदी जवळ पोचणारी पद्धत स्टाइनहाउस यांच्या प्रश्नाआधीपासूनच होती. क्रम लागलेल्या छोट्या याद्या एकमेकींत मिसळत जाणारा मर्ज सॉर्ट जॉन फॉन न्यूमन यांनी १९४५मध्ये मांडला होता. दहा लाख नोंदींसाठी log₂(n!) चा आकडा सुमारे १ कोटी ८५ लाख येतो. मर्ज सॉर्टला वाईटात वाईट परिस्थितीत सुमारे १ कोटी ९० लाख तुलना लागतात. फरक अडीच टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे प्रश्न मिटला का? वेगाच्या दृष्टीने मिटला, नेमक्या आकड्याच्या दृष्टीने नाही. बारा वस्तूंचे ४७,९०,०१,६०० क्रम होतात. २९ तुलनांच्या उत्तरांच्या जुळण्या ५३,६८,७०,९१२. म्हणजे पावणेसहा कोटींहून जास्त जुळण्या शिल्लक राहतात, तेव्हा २९ तुलना पुरायला हव्यात असं वाटतं. फोर्ड आणि जॉन्सन यांच्या पद्धतीला मात्र ३० लागतात. मार्क वेल्स यांनी १९६५मध्ये कॉम्प्युटरकडून सगळ्या शक्यता तपासून घेतल्या आणि निष्कर्ष निघाला, की २९ पुरतच नाहीत. कारण पाचाच्या उदाहरणातच दडलेलं आहे. प्रत्येक टप्प्यावर ८ आणि ७ सारखी वाटणी करणारा प्रश्न मिळेलच असं नाही. कधी उपलब्ध प्रश्नांपैकी सर्वांत चांगला प्रश्नही यादी वाकडीतिकडी फोडतो आणि हे नुकसान साठत जातं. पुढे मार्चिन पेचार्स्की यांनी १३, १४, १५ आणि २२ वस्तूंसाठीही मोजणीच्या मर्यादेपेक्षा एक तुलना जास्तच लागते, हे सिद्ध केलं. विरोधकाचा युक्तिवाद किमान किती ते सांगतो. तेवढ्यात काम होईलच, असं वचन तो देत नाही.

या मर्यादेचा अर्थ लावताना एक चूक वारंवार दिसते. आधीच क्रमाने असलेली यादी n − 1 तुलनांत तपासून होते, तेव्हा मर्यादा मोडली असं कोणी म्हणतं. मोडलेली नसते, कारण ती वर्स्ट केसची आहे. 'लहान, मोठी की समान' अशी तीन उत्तरं घेऊनही सुटका होत नाही. वस्तू सगळ्या वेगवेगळ्या असल्या की 'समान' हे उत्तर कधी येतच नाही. स्वतःच्या कोडची परीक्षा घ्यायची असेल, तर पाच वस्तूंचे सगळे १२० क्रम त्यातून फिरवा आणि प्रत्येक वेळी तुलना मोजा. सर्वांत मोठा आकडा सातच्या खाली आला, तर कोड कुठेतरी चुकीचा क्रम देतोय किंवा एखादी तुलना मोजायची राहून गेली आहे.

मर्यादा खरोखर ओलांडायची असेल, तर तुलना सोडून किल्लीच्या, म्हणजे ज्या क्रमांकावरून क्रम लावायचा त्याच्या, आत डोकावावं लागतं. पंचकार्डांची सॉर्टिंग यंत्रं हेच करत. एकच स्तंभ वाचायचा आणि भोकाच्या जागेनुसार कार्ड ठरलेल्या कप्प्यात टाकायचं, मग पुढचा स्तंभ. सहा आकडी क्रमांकांची दहा लाख कार्डं असली तरी सहाच फेऱ्या, आणि त्यात एका कार्डाची दुसऱ्याशी तुलना एकदाही होत नाही. विरोधकाला विचारायला प्रश्नच येत नाही. मात्र फेऱ्या आकड्यांच्या संख्येइतक्या लागतात आणि n कार्डांना वेगवेगळे क्रमांक द्यायचे तर आकडे log n च्या प्रमाणात वाढवावेच लागतात. क्रमांक लांबलचक असले आणि कार्डं थोडी असली, तर मर्ज सॉर्टच आधी संपतो.