श्राव्यीकरण : वृत्तसंस्थेच्या मजकुरातील आकडे व नावे

वृत्तसंस्थेकडून आलेला परिच्छेद नभोवाणीच्या बातमीपत्रासाठी नव्याने लिहिण्याची प्रक्रिया. वृत्तसंस्थेची कॉपी मुळात छापण्यासाठी घडलेली असते. कोण, कुठे, केव्हा, किती हे सगळे पहिल्याच वाक्यात येते आणि उरलेला तपशील कंसात बसतो. वाचणाऱ्याची नजर मागे फिरू शकते. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, आणि कंस तर ऐकूच येत नाही. लांब वाक्ये तोडणे, बोजड शब्द टाळणे ही कामे सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः संख्या व विशेषनामे यांचाच विचार केला आहे, कारण मराठीत त्यांच्या अडचणी स्वतंत्र आहेत.

या पद्धतीचा उगम कुठे मानावा याबाबत दोन मते आढळतात. एक मत ब्रिटनच्या बाजूचे आहे. बीबीसीचे पहिले बातमीपत्र १४ नोव्हेंबर १९२२ रोजी आर्थर बरोज यांनी लंडनहून वाचले. त्यांनी तोच मजकूर दोनदा वाचला, एकदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि कोणते वाचन बरे वाटले ते श्रोत्यांनाच विचारले. ऐकणाऱ्याची अडचण अगदी आरंभीच लक्षात आली होती, पण तोडगा वाचनाच्या गतीत शोधला गेला. मजकूर वृत्तसंस्थांनी पुरवलेलाच राहिला. दुसरे मत अमेरिकेतील वृत्तसंस्थांना श्रेय देते. १९३३ च्या अखेरीस वृत्तपत्रे, वृत्तसंस्था आणि नभोवाणी कंपन्या यांच्यात झालेल्या बिल्टमोर करारानुसार नभोवाणीला दिवसातून पाच-पाच मिनिटांची दोनच बातमीपत्रे देण्याचे ठरले होते. ही कोंडी टिकली नाही. १९३५ पासून युनायटेड प्रेससारख्या संस्था नभोवाणीला थेट बातम्या विकू लागल्या, आणि मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेली कॉपी त्यानंतरच्या काही वर्षांत रुळली असावी. लेखनपद्धती म्हणून पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मराठी संख्यानामांची अडचण त्यांच्या रचनेतच आहे. एक ते शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यात एकक आधी, दशक नंतर येते. ‘त्रेसष्ट’ ऐकताना कानाला आधी तीन कळतात, साठ मागाहून. संख्या मोठी की लहान हे शब्दाच्या शेपटीवर ठरते आणि वाचणाऱ्याचा आवाज बहुधा तिथेच खाली येतो. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव यांचे तोंड एकच आहे. शेवट पुसट झाला की दहा-वीसचा फरक पडतो.

उलट प्रकारही तितकाच त्रासदायक असतो. सदतीस आणि अडतीस, सदुसष्ट आणि अडुसष्ट यांचे शेवट सारखे आहेत; फरक आहे तो आरंभीच्या ‘स’चा आणि त्यापुढच्या ‘द’–‘ड’चा. आशियात व युरोपात मध्यमलहरींवरील केंद्रांच्या वारंवारतांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवतात, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्‌झच्या वरचा ध्वनी श्रोत्यापर्यंत फारसा पोचत नाही. ‘स’चा फुत्कार बराचसा त्याच पट्ट्यात असतो. तो गळाला की ‘सदतीस’चे ‘अदतीस’ होते, आणि श्रोता त्याला आपल्या माहितीतल्या शब्दात, म्हणजे ‘अडतीस’मध्ये, बसवून मोकळा होतो. स्टुडिओत बसलेल्या संपादकाला हे कळत नाही, कारण त्याच्या कानातल्या हेडफोनवर सगळेच स्पष्ट असते. असा आकडा नेमका देणे भागच असेल, तर त्याच्या आधीचा शब्द ‘स’ने संपू देत नाहीत आणि बातमीत पुढे आकडा एकदा पुन्हा आणतात.

सर्वांत फसवी जोडी मात्र ‘एकूण’ आणि ‘एकोण’ यांची आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ यांतला ‘एकोण’ संस्कृत ‘एकोन’वरून, म्हणजे एक अधिक ऊन, ‘एकाने कमी’ यावरून आला. बोलताना त्याचा ‘एकुण’ होतो. वृत्तसंस्थेच्या कॉपीत ‘जखमींची संख्या एकूण ६०’ असे असते. छापताना त्यात काहीच धोका नाही. तेच माइकवर ‘एकूण साठ जखमी’ असे वाचले की निम्म्या घरांत एकोणसाठ जखमी होतात. तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद या सगळ्यांना हा धोका आहे. शंभराला तो नाही, कारण तिथे भाषेने ‘नव्व्याण्णव’ असा वेगळा शब्द वापरला आहे. जाणते संपादक म्हणून आकड्याला लागून ‘एकूण’ लिहीतच नाहीत; ‘सगळे मिळून साठ जण’ असे लिहितात.

संख्यानामे सोपी करण्याचा एक प्रस्ताव शिक्षणक्षेत्रातून पुढे आला होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचन सुचवले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. शुद्ध श्रवणाच्या दृष्टीने पाहता ‘साठ तीन’ अधिक सुरक्षित आहे यात शंका नाही. पण बातमीपत्र श्रोत्याच्या सवयीवर चालते. अनोळखी रूप ऐकून श्रोता क्षणभर थबकला, तर पुढचे वाक्य हातचे जाते.

मराठीची जमेची बाजू म्हणजे तिचे अपूर्णांक. सव्वा, दीड, अडीच, साडे आणि पावणे या शब्दांनी कॉपीतले बरेच दशांश विरघळतात. ६.५ टक्के म्हणजे साडेसहा टक्के. व्याजदरातील २५ आधारबिंदूंची वाढ म्हणजे पाव टक्का. ‘सहा पूर्णांक पंचवीस शतांश’ म्हणण्यापेक्षा ‘सव्वासहा’ कानाला लगेच लागते. यातला ‘पावणे’ तेवढा जपून वापरावा लागतो. ‘पावणेतीन लाख’मधले पहिले अक्षर हुकले तर श्रोत्याकडे तीन लाख पोचतात. वाक्याच्या अगदी सुरुवातीला ‘पावणे’ ठेवत नाहीत ते यामुळेच. इंग्रजी कॉपीतल्या मिलियन–बिलियनचे गणित संपादकाने स्वतः करायचे असते : दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. ‘दशलक्ष’ हा शब्द बरोबर असूनही तो ऐकून कुणाला पटकन रकमेचा अंदाज येत नाही.

नावांच्या बाबतीत पहिला नियम असा की अनोळखी नावाने बातमी सुरू करत नाहीत. बातमी बदलल्याचे कान ओळखतो तोवर पहिले दोन-तीन शब्द गेलेले असतात. म्हणून आधी ओळख किंवा पद, मग नाव. मराठीत नावानंतर ‘यांनी’, ‘यांना’ लावण्याची सोयही इथे उपयोगी पडते, कारण आदरार्थाबरोबरच नाव विभक्तीच्या प्रत्ययाने वाकत नाही आणि मूळ रूपात ऐकू येते. याच आदरार्थाचा तोटा म्हणजे ‘त्यांनी’ ऐकून एक माणूस की अनेक, पुरुष की स्त्री, यांपैकी काहीच कळत नाही. दोन व्यक्तींच्या बातमीत सर्वनाम टाळून नावच पुन्हा घेणे बरे, कानाला थोडे रुक्ष वाटले तरी.

उदाहरणादाखल २०२३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची बातमी घेता येईल. खालील परिच्छेद वृत्तसंस्थेच्या धाटणीने येथे रचला आहे. तपशील खरा आहे.

‘स्टॉकहोम, ३ ऑक्टोबर : पिएर आगोस्तिनी (ओहायो स्टेट विद्यापीठ, अमेरिका), फेरेन्क क्राउझ (माक्स प्लांक क्वांटम प्रकाशिकी संस्था, जर्मनी) व ॲन ल’हुलियर (लुंड विद्यापीठ, स्वीडन) यांना प्रकाशाचे ॲटोसेकंद स्पंद निर्माण करण्याच्या प्रायोगिक पद्धतींबद्दल ११ दशलक्ष स्वीडिश क्रोनरचे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून जाहीर झाले, असे रॉयल स्वीडिश ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने मंगळवारी सांगितले. ल’हुलियर या हा सन्मान मिळवणाऱ्या पाचव्या महिला आहेत.’

क्रियापद येईपर्यंत श्रोत्याने तीन परकी नावे, तीन संस्था, तीन देश आणि एक रक्कम कशासाठी हे न कळता धरून ठेवायची आहे. तीन संस्थांपैकी एकही ऐकून लक्षात राहणार नाही, तेव्हा त्या जातात. देश मात्र राहतात, कारण नावे वेगळी ठेवायला त्यांचा आधार होतो. नेमकी इथेच चूक होण्याची शक्यता असते. कंसातले देश कामाच्या ठिकाणाचे आहेत, नागरिकत्वाचे नव्हेत. घाईत ‘अमेरिकेचे आगोस्तिनी, जर्मनीचे क्राउझ, स्वीडनच्या ल’हुलियर’ असे लिहिले तर तिन्ही ठिकाणी अर्थ बदलतो; आगोस्तिनी व ल’हुलियर हे मूळचे फ्रेंच आणि क्राउझ यांचा जन्म हंगेरीतला.

उच्चारही तपासावे लागतात. हंगेरियन भाषेत ‘सी’चा उच्चार ‘त्स’ आणि ‘एसझेड’चा ‘स’ असा होतो, त्यामुळे फेरेन्क नव्हे, फेरेंत्स. क्राउझ नव्हे, क्राउस. ल’हुलियर या फ्रेंच नावातला ‘ह’ उच्चारला जात नाही आणि शेवटचा ‘र’ही ऐकू येत नाही. निवेदकाच्या प्रतीत नाव उच्चाराप्रमाणे, गरज पडल्यास तोडून लिहितात : ल्युइ-लिए. आकडेही अक्षरांतच लिहितात, आणि संख्या एका ओळीत व तिचे एकक दुसऱ्या ओळीत जाणार नाही हे पाहतात. तयार मजकूर असा :

‘यंदाचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळून जाहीर झालं आहे. प्रकाशाचे अतिशय सूक्ष्म काळाचे स्पंद निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी हा सन्मान आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठाशी संबंधित पिएर आगोस्तिनी, जर्मनीत काम करणारे फेरेंत्स क्राउस आणि स्वीडनमध्ये अध्यापन करणाऱ्या ॲन ल्युइलिए, हे ते तीन शास्त्रज्ञ. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या ल्युइलिए या पाचव्या महिला आहेत. पारितोषिकाची रक्कम एक कोटी दहा लाख स्वीडिश क्रोनर असून ती तिघांना समान वाटली जाईल.’

मजकूर लांबीने फारसा घटलेला नाही. पण ‘तीन’ हा आकडा आधी आल्यामुळे कान तीन नावांची वाट पाहतो, आणि रक्कम सगळे संपल्यावर एकटीच येते. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर अठरा शून्ये इतक्यावा भाग. तो शब्द गाळणे वैज्ञानिकांना रुचणार नाही. मुख्य बातमीपत्रात तो गाळावा आणि विज्ञानविषयक कार्यक्रमात ठेवावा, हे बरे.

आकडे गोळाबेरीज करण्याला मर्यादा आहेत. मतांचे निसटते अंतर, शिक्षेची मुदत, परीक्षेची तारीख यांत ‘सुमारे’ चालत नाही. मृतांच्या संख्येत ‘किमान’ आणि ‘सुमारे’ यांची अदलाबदल विशेष टाळतात. कॉपीत ‘किमान ६३’ असेल तर ‘सुमारे साठ’ हे चूक, कारण साठाहून जास्त मृत्यू आधीच निश्चित झाले आहेत. ‘साठहून अधिक’ हे बरोबर आहे, परंतु संध्याकाळी तोच आकडा ६८ झाला तरी बातमी ‘साठहून अधिक’ अशीच राहते आणि श्रोत्याला काही बदलल्याचे कळत नाही. अशा वेळी ‘मृतांची संख्या आणखी पाचने वाढली आहे’ हे वाक्य आधी देऊन मग ‘अडुसष्ट’ म्हणतात, म्हणजे तो सदुसष्ट ऐकला गेला तरी वाढ तरी नीट पोचते.