परदेशी पगारपत्रकातील YTD रकाना

परदेशी पगारपत्रकावर बहुधा दोन रकाने शेजारीशेजारी असतात. एकात त्या पगाराची रक्कम असते, दुसऱ्यात वर्षारंभापासूनची बेरीज. या दुसऱ्यावर YTD लिहिलेले असते. मायदेशी विवरणपत्र भरताना घोळ होतो तो ‘वर्ष’ कोणते यावरून. अमेरिकेत ते १ जानेवारीला सुरू होते, ब्रिटनमध्ये ६ एप्रिलला, तर भारतात १ एप्रिलला.

कोकणातून आखातात गेलेल्यांना हा रकाना फारसा छळत नाही, कारण तिथे पगारावर आयकर कापला जात नाही. शिवाय अनिवासी ठरलेल्याचा परदेशात कमावलेला आणि तिथेच मिळालेला पगार भारतात सामान्यतः करपात्र नसतो. अडचण येते ती वर्षाच्या मध्यात गेलेल्याची.

समजा, रत्नागिरीचा एक अभियंता १० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेला नोकरीसाठी गेला. त्या आर्थिक वर्षात तो २२४ दिवस भारतात होता, म्हणजे १८२ पेक्षा जास्त. त्यामुळे तो निवासी ठरतो आणि तिकडचा पगारही इथे दाखवावा लागतो. पगार महिनाअखेरीस मिळतो: नोव्हेंबरचा ३,००० डॉलर, पुढे दरमहा ६,०००. डिसेंबरच्या पत्रकावर YTD ९,००० दिसते. जानेवारीत बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि मार्चअखेर १८,००० होते. भारतीय वर्षाचा पगार या दोन्हींची बेरीज, म्हणजे २७,००० डॉलर. केवळ मार्चचे पत्रक हाती धरले, तर आधीचे ९,००० सुटतात. आणि ही चूक सर्रास होते.



मात्र २७,००० ला एकाच दराने गुणून चालत नाही. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ११५ नुसार पगार ज्या महिन्यात देय होतो, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो, लागतो. नोव्हेंबरच्या पगाराला ३१ ऑक्टोबरचा, मार्चच्या पगाराला २८ फेब्रुवारीचा. म्हणून रुपयांसाठी त्या-त्या पगाराचा रकानाच वापरायचा. YTD ताळा करायला. फेब्रुवारीचे पत्रक हरवले असेल, तर मार्चच्या १८,००० मधून मार्चचे आणि जानेवारीचे प्रत्येकी ६,००० वजा केले की ते सापडते. आकडा जास्त निघाला, तर बोनस तपासावा.

एकूण पगाराचा रकाना घ्यावा, हातात पडलेल्या रकमेचा नव्हे. ४०१(के) या तिथल्या निवृत्तीबचत योजनेत टाकलेली रक्कमही त्यातून वगळता येत नाही.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर टाळणाऱ्या भारत-अमेरिका करारातील सवलत फेडरल आयकराला मिळते. त्यापुढेच छापलेल्या सोशल सिक्युरिटीच्या ६.२ टक्के कपातीला नाही. शिवाय पत्रकावरचा कर हा कापलेला कर असतो. अमेरिकेतील विवरणपत्रानंतर त्यातला काही परत मिळाला, तर फॉर्म ६७ मध्ये मागितलेले श्रेयही तेवढे घटते.