कंपनी नोंदवली तर घरची एफडी सुरक्षित राहते का? पात्रता, कागदपत्रे आणि अडकण्याच्या जागा

एकट्याच्या मालकीच्या दुकानात धंदा आणि मालक कायद्याने एकच असतात. प्लायवूडवाल्याचे १४ लाख थकले आणि त्याने दावा जिंकला, तर तो मालकाच्या बँकेतल्या ठेवीवरही जप्ती आणू शकतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ही मात्र कायद्याने वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे कर्ज तिचं असतं. समजा, मालकाने १ लाखाचे शेअर घेतले आणि कंपनीचा माल विकून ५ लाख आले. तर बाकीचे ९ लाख प्लायवूडवाल्याचे बुडतात आणि मालकाचा जातो तो १ लाख. शेअरच्या पैशांपैकी ४० हजारच भरले असतील, तर उरलेले ६० हजार मात्र त्याच्याकडून वसूल होतात.

नोंदणीला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. तीच दोन माणसं चालतात, पण एका संचालकाचं आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात वास्तव्य हवं. एकट्याला एक व्यक्ती कंपनी काढता येते. पॅन, आधार, डिजिटल सही आणि SPICe+ हा कंपनी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म यात सहसा अडचण येत नाही.

अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, शिवाय जागामालकाचं ना हरकत पत्र लागतं. कित्येक घरांत बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. त्यांची सही कोण करणार? अर्जाआधीच बिल हयात मालकाच्या नावावर करून घ्या, कारण या कामालाच सर्वांत जास्त वेळ जातो.

दुसरी चूक मुदतीची. शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरून INC-20A हा फॉर्म १८० दिवसांत द्यावा लागतो. हे दिवस नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, बँक खातं उघडल्यापासून नाही. चुकलं तर कंपनीला ५० हजारांचा दंड होतो आणि जबाबदार संचालकांना वेगळा. हा फॉर्म दिल्याशिवाय कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही.

नोंदणीनंतरही पुष्कळजण जुन्या दुकानाच्याच बिलबुकावर माल उचलतात. तो माल कंपनीचा ठरत नाही, ती उधारी तुमचीच राहते. ऑर्डर, बिल आणि करारावर कंपनीचं पूर्ण नाव हवं, आणि सहीखाली 'संचालक' लिहायला विसरू नका. दुकानाची जुनी देणीही नोंदणीने आपोआप कंपनीकडे जात नाहीत.

सर्वांत मोठं भगदाड पडतं ते बँकेच्या कागदांत. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि गठ्ठ्यातल्या इतर कागदांसोबत तीही न वाचता सही होऊन जाते. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनीची मालमत्ता विकेपर्यंत थांबायचं बंधन सहसा बँकेवर नसतं, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून हमीची रक्कम ठरावीक आकड्यापुरती लिहून मिळते का, हे सहीआधीच विचारा. पुढे संचालकपदाचा राजीनामा दिला तरी हमी सुटत नाही, त्यासाठी बँकेकडून लेखी मुक्तिपत्र घ्यावं लागतं.