‘पूल पडला त्या वर्षी खाण सोडली’: आठवणीतल्या तारखांचं काय करायचं?

वयस्क बाईला “कोणतं काम कधीपर्यंत केलं?” असं विचारायचं, ती सांगेल तो आकडा तक्त्यात भरायचा आणि पुढच्या घरी जायचं, ही सर्वेक्षणांची जुनी खोड. दुसरीकडे, “म्हातारीला काय आठवणार” म्हणून तिला विचारायचंच नाही, असंही होतं. दोन्ही चूक, कारण मेंदू प्रसंग जपतो, पण त्यांच्यावर तारखेचा शिक्का मारत नाही. साल आपण मागाहून अंदाजाने जुळवतो. त्या जुळवणीत चुका होतात आणि त्यांना ठराविक वळण असतं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे जुनी गोष्ट अलीकडची वाटणं. तिच्यावरचा उपाय १९८३ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि मारबर्गर यांनी तपासला. “गेल्या सहा महिन्यांत तुमच्याबाबतीत गुन्हा घडला का?” असं विचारलं की लोक त्याआधीचे प्रसंगही त्यात ओढून आणत. “सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटल्यापासून” असं विचारलं, की हे बरंच कमी होई. ठळक घटना खुंटीसारखी वापरता येते. जीवनकथा घेणारे अभ्यासक म्हणूनच मोठ्या कागदावर वर्षांचे रकाने पाडतात. एका ओळीत गावच्या घटना, दुसरीत लग्न, बाळंतपणं, आजारपणं, तिसरीत राहण्याची जागा. कामाची ओळ सगळ्यात शेवटी भरायची.

गोव्यात अशा खुंट्या भरपूर आहेत: डिसेंबर १९६१ची मुक्ती, जानेवारी १९६७चा जनमत कौल, जुलै १९८६ मध्ये कोसळलेला मांडवीवरचा पूल. पण नेमकं इथेच हे तंत्र घसरतं.

डिचोलीकडच्या एक आजी कल्पनेने उभ्या करू. जन्म १९४६चा. लग्नानंतर लोहखनिजाच्या खाणीवर पाटीने माती-दगड वाहिले. खाण कधी सोडली? “पूल पडला ना, त्या वर्षी.” उत्तर ठाम. मुलाखत घेणारी तिथेच थांबली तर १९८६ लिहून मोकळी होईल. ती थांबत नाही, घरच्या ओळीकडे वळते. तेव्हा थोरली काय करत होती? “तिला चौथीतून काढली. मी शेतात जायला लागले, धाकट्याला सांभाळायला कोण?” थोरलीचा जन्म १९६५चा, आणि शाळेच्या रजिस्टरात तिचं नाव १९७५ साली कमी झालेलं. म्हणजे खाण सुटली ती १९७५च्या सुमारास, यंत्रं आली तेव्हा. अकरा वर्षांचा फरक!

मग १९८६ कुठून आलं? पुढे विचारल्यावर कळतं की त्या पावसाळ्यात नवरा अंथरुणाला खिळला आणि घरात येणारा खाणीचा पगार थांबला. तिच्या हिशेबात खाण ‘सुटली’ ती तेव्हा. मोठी घटना नुसती खुंटी नसते, ती लोहचुंबकही असते, आजूबाजूच्या आठवणी स्वतःकडे ओढून घेते. इटलीतल्या तेर्नी गावाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला, पण पुष्कळ कामगार तो १९५३ साली, मोठ्या कामगारकपातीच्या वेळी मेला असं सांगत. इतिहासकार पोर्तेल्ली यांनी ही चूक खोडली नाही, तिचा अर्थ लावला. आजींच्या बाबतीतही तक्त्यात १९७५ जाईल, पण १९८६ फेकून द्यायचं नाही. ते शेजारी वेगळ्या शाईने लिहायचं.

(संमोहनाने ‘खरी’ आठवण बाहेर काढू म्हणणारे भेटले तर दूर राहा. त्याने आठवण अचूक होत नाही, सांगणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र वाढतो.)

राहिली मधली अकरा वर्षं. “तेव्हा काम काय, घरीच होते,” असं आजी म्हणतात. यात आठवणीचा दोष नाही, प्रश्नाचा आहे. पगार नसेल तर ते काम नव्हे, हे त्यांनाही शिकवलं गेलंय. जनगणनेनेही कुटुंबाच्या शेतातल्या किंवा धंद्यातल्या बिनपगारी कामाचा स्पष्ट उल्लेख प्रश्नात केला तो १९९१ साली. म्हणून प्रश्न ऋतूचा विचारायचा: पावसात सकाळी उठून कुठे जायचात? वायंगणाला कुणाच्या शेतात? एप्रिलमध्ये काजू कोण गोळा करायचं? आमसुलं कुणी वाळवली, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी विकली? रिकामी ओळ भराभर भरते. सून शेजारी बसली असेल तर मात्र उत्तरं आखडतात, “कुणाच्या शेतात” याचं तर फारच. मग मुलाखत दुसऱ्या दिवशी, आजी एकट्या असताना पुन्हा घ्यावी.

एक उणीव यातल्या कशानेच जात नाही. पाट्या वाहून ज्या लवकर वारल्या, त्यांची ओळ या कागदावर येतच नाही. ठेकेदाराकडे रोजावर असलेल्यांची नावं खाणीच्या हजेरीपटावर सापडतीलच असं नाही. त्यांच्याबद्दल आजींना विचारता येतं, “तुमच्याबरोबर पाटीला कोण कोण होत्या?” मिळालेली नावं वेगळ्या यादीत ठेवायची. ती माहिती ऐकीव असते, आणि तिची वर्षं तर पुलाकडे आणखीच सरकलेली असतात.