देवनागरी उत्पादन-शीर्षके आणि सीएसव्ही निर्यात

ऑनलाइन विक्रीच्या यादीतील मराठी शीर्षके स्प्रेडशीटमधून बाहेर काढून एकगठ्ठा अपलोड करताना अक्षरे शाबूत ठेवण्याची पद्धत. हळद, बेदाणे, गूळ असा माल विकणाऱ्या सांगलीच्या दुकानदाराला हा प्रश्न पहिल्याच यादीत भेटतो. यादी बिघडली की दोन चित्रे दिसतात आणि त्यांचे अर्थ अगदी वेगळे असतात.

समजा, शीर्षक आहे ‘सांगली हळद 500 ग्रॅम’. गूगल शीट्समधून सीएसव्ही उतरवली आणि एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिकने उघडली, तर ‘हळद’च्या जागी हे दिसते:

```
à¤¹à¤³à¤¦
```

ही फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिलेली असते आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. फाइलच्या सुरुवातीला ती यूटीएफ-८ असल्याचे सांगणारी बीओएम ही खूण नसल्याने एक्सेल ते बाइट विंडोजच्या जुन्या लॅटिन संचानुसार एकेक करून वाचते. म्हणजे फाइल धडधाकट आहे, वाचणे चुकले आहे. ती सेव्ह न करता बंद करावी आणि कोऱ्या वर्कबुकात `Data > From Text/CSV` मधून आणावी. `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडले की हळद परत येते.

दुसरे चित्र असे:

```
?????? ??? 500 ?????
```

येथे `CSV (Comma delimited)` या प्रकारात सेव्ह झालेले असते. हा प्रकार त्याच जुन्या लॅटिन संचात लिहितो आणि त्या संचात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘ग्रॅम’ची पाच प्रश्नचिन्हे त्यामुळेच. या फाइलमधून मूळ शब्द कोणीही काढून देऊ शकत नाही. मूळ `.xlsx` जपून ठेवायची ती याचसाठी. एक्सेलमधून निर्यात करताना `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच प्रकार घ्यावा.

त्यातही एक खोच आहे. हा प्रकार फाइलच्या आरंभी बीओएम जोडतो. काही अपलोड यंत्रणा ती पहिल्या स्तंभाच्या नावाचाच भाग समजतात आणि समोर स्तंभ दिसत असूनही तो ‘सापडला नाही’ म्हणतात. अशा वेळी नोटपॅडमध्ये फाइल उघडून `Save As` मध्ये `UTF-8 with BOM` ऐवजी `UTF-8` निवडले की काम होते. मात्र तीच फाइल नंतर पुन्हा एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडू नये.

पहिल्या चित्रातली विस्कटलेली अक्षरे तशीच `CSV UTF-8` म्हणून सेव्ह झाली, तर ती खरी अक्षरे बनून बसतात. ती उलटी फिरवता येतात, पण जोडाक्षरे दगा देतात: हलन्ताचा शेवटचा बाइट `8D` लॅटिन संचात कोणत्याही दृश्य अक्षराचा नाही, आणि ‘अदृश्य चिन्हे’ साफ करणारी साधने तो पुसून टाकतात. म्हणून पूर्ण यादीआधी दोन-तीन ओळींचीच फाइल चढवून पाहावी. तिच्यात ‘ग्रॅम’सारखे एखादे जोडाक्षर हवेच, नुसती ‘हळद’ नीट दिसली म्हणजे यादी नीट गेली असे होत नाही.