लहान मुलांची झोप आणि संध्याकाळचा उजेड

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला रात्री झोप किती वाजता येते आणि ती किती सलग लागते, यावर झोपण्याआधीच्या दोन तासांतील घरातल्या उजेडाचा, मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांचा आणि धांदलीचा परिणाम होतो. या विषयाची चर्चा बहुतेक वेळा मोबाइलपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात मोबाइलचा परिणाम दोन वेगळ्या मार्गांनी होतो. एक त्याच्या उजेडाचा आणि दुसरा त्यावर जे चालले आहे त्याचा. उजेडापुरते बोलायचे तर अनेक घरांत मोबाइलपेक्षा भिंतीवरची ट्यूबलाइट जास्त प्रभावी ठरते.

संध्याकाळ झाली की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. ते झोपेचे औषध नव्हे. ‘रात्र सुरू झाली’ अशी ती शरीराला मिळालेली वर्दी असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात मोनिक लेबूर्जवा यांच्या गटाने अडीच ते तीन वर्षांच्या मुलांच्या लाळेचे नमुने संध्याकाळभर ठरावीक अंतराने घेतले. त्या मुलांत मेलाटोनिन सरासरी साडेसात-पावणेआठच्या सुमारास वाढू लागत होते. ही वाढ अंथरुणात जाण्यापूर्वी सुरू झाली असेल तर मूल साधारण अर्ध्या तासात झोपत असे. अंथरुणात घातल्यावर ती सुरू होणाऱ्या मुलांना मात्र चाळीस मिनिटे ते तासभर लागत असे. घड्याळात साडेआठ वाजले असले तरी अशा मुलाच्या शरीरात अजून संध्याकाळच असते. त्याला ‘झोप, झोप’ म्हणून थोपटत राहिल्याने ती वेळ अलीकडे येत नाही.

शरीरातले हे घड्याळ डोळ्यांतून लावले जाते. दृष्टिपटलातील काही पेशींत मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. या पेशींचे मुख्य काम वस्तू पाहणे हे नसून भोवती उजेड किती आहे हे मेंदूतील घड्याळाला कळवणे हे असते. निळसर प्रकाशाला, म्हणजे ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला, त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. लहान मुलाच्या डोळ्याचे भिंग अगदी स्वच्छ असते आणि बाहुल्या मोठ्या असतात. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली बसलेल्या आजीपेक्षा नातवाच्या दृष्टिपटलावर कितीतरी जास्त उजेड पोहोचतो. मोठ्यांना ‘बेताचा’ वाटणारा दिवा मुलाला बेताचा नसतो, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

हा परिणाम किती मोठा असतो हे याच विद्यापीठातील दोन प्रयोगांतून दिसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची दहा मुले होती. झोपण्याआधी तासभर त्यांना खालून उजळलेल्या टेबलावर खेळू दिले. लक्स हे उजेड मोजायचे एकक; इथला उजेड सुमारे १००० लक्स होता. त्या तासात मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घटले आणि दिवा बंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही ते दबलेलेच राहिले. २०२२ च्या दुसऱ्या प्रयोगात ३६ मुलांना ५ ते ५००० लक्स अशा वेगवेगळ्या तीव्रतेचा उजेड दिला. ४० लक्सपेक्षा कमी, म्हणजे मंद म्हणावा अशा उजेडातही सरासरी घट ७८ टक्के होती. दिवा बंद केला की रात्र सुरू झाली, हा आपला समज इथे खोटा ठरतो.

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती घरी उपयोगी पडते. उजेड देण्यापूर्वी ही मुले मुद्दाम अंधुक घरात ठेवलेली होती. दिवसभर अंधुक उजेडात राहिलेला डोळा संध्याकाळच्या दिव्याला जास्त संवेदनशील होतो, तर दिवसा उघड्यावर खेळलेल्या मुलात ही संवेदनशीलता थोडी कमी असते. पाळणाघरात किंवा पडदे ओढलेल्या फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्या मुलाला सकाळी अर्धा तास अंगणात, गच्चीत किंवा बागेत नेणे हा रात्रीच्या झोपेच्या तयारीचाच भाग आहे. त्यातून घड्याळ थोडे अलीकडेही सरकते. शिवाय दोन्ही प्रयोगांतली मुले तीन वर्षांपुढची होती. त्याहून लहान मुलांत परिणाम किती टक्के होतो हे या आकड्यांवरून नेमके सांगता येत नाही.

आता दिव्यांची तुलना. खोलीतील पांढऱ्या एलईडी ट्यूबलाइटचा उजेड मुलाच्या डोळ्यापाशी साधारण शंभर ते दोनशे लक्स भरतो. हातभर अंतरावर धरलेल्या मोबाइलचा साधारण दहा-वीस लक्स असतो आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरील टीव्हीचा त्याहून कमी. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळणारी ६५०० केल्विनची ट्यूब तितक्याच लक्सच्या पिवळट, २७०० केल्विनच्या दिव्यापेक्षा मेलानॉप्सिनला साधारण दुप्पट चेतवते. त्यात लहान मुलाची एक खास अडचण असते. लंगोट बदलताना, कपडे चढवताना किंवा मांडीवर दूध पिताना ते उताणे असते आणि त्याची नजर थेट दिव्याकडे असते. मोठी माणसे दिव्याकडे सहसा पाहत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलमधला ‘नाइट मोड’ पडद्याचा रंग पिवळट करतो खरा, पण डोक्यावर ट्यूबलाइट चालू असताना त्याने फारसे काही साधत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत सूर्यही थोडी भर घालतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबई ७३ अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटे मागे चालतो. जूनच्या अखेरीस मुंबईत सूर्यास्त सव्वासातनंतर होतो, तर डिसेंबरात सहाच्या सुमारास. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठला झोपणारे मूल नऊपर्यंत लोळत राहते, याचे एक साधे कारण खिडकीतून येणारा हा उजेड असते. जाड पडदा लावल्यावर फरक पडला तर कारण तेच होते असे समजावे.

दुसरा मार्ग चेतनेचा, म्हणजे मूल उत्तेजित होण्याचा. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीच्या तास-दोन तासांत शरीर उलट जास्त जागे असते. दिवसभरात साठलेल्या झोपेच्या ओढीला मेंदूतील घड्याळ त्या वेळी जोर लावून थोपवून धरते. याच काळात मूल गादीवर उड्या मारते आणि घरचे म्हणतात, ‘याला झोप आलेलीच नाही.’ या वेळी भराभर दृश्ये बदलणारे कार्टून, गुदगुल्या, पाठशिवणी, पाहुण्यांची वर्दळ यांतले काहीही आले की ही जाग लांबते. पुढे मूल थकते, पण शांत होत नाही आणि रडारड सुरू होते. पडद्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यावरचे चित्र आपणहून संपत नाही. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. गोष्ट संपते, पुस्तक मिटते. मोबाइल मात्र कोणीतरी काढून घ्यावा लागतो आणि नेमक्या झोपेच्या वेळी भांडण ओढवते.

मोबाइल पाहत झोपी गेलेल्या मुलाच्या सलग झोपेवर वेगळा परिणाम होतो. रात्री प्रत्येकाची झोप अनेकदा हलकी होते आणि लहान मूल अशा वेळी क्षणभर जागे होते. झोप लागताना जे जवळ होते तेच त्याला पुन्हा झोपायला हवे असते. ते थोपटणे असेल तर थोपटणे, मोबाइल असेल तर मोबाइल. पहाटे तीन वाजता मोबाइल मागणाऱ्या मुलाची ‘सवय’ म्हणजे बहुतेक वेळा हेच असते.

मोबाइल-टीव्हीचे पडदे बंद केल्याने खरोखर किती फरक पडतो, याची इंग्लंडमध्ये चाचणी झाली आणि ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांची १०५ कुटुंबे तीत होती. काही कुटुंबांनी सात आठवडे झोपेआधीच्या तासात पडदे बंद ठेवले आणि त्याऐवजी खेळण्या-पुस्तकांची पेटी वापरली. त्यांच्या मुलांची झोप थोडी सलग झाली आणि रात्रीचे जागे होणे थोडे कमी झाले. परिणाम लहान ते मध्यम होता. मोबाइल बंद केला की सगळे सुटते अशी अपेक्षा ठेवू नये, कारण दिवा आणि दुपारची झोप तशीच राहिलेली असते.

उजेड, पडदा आणि धांदल या तिन्ही गोष्टी एकत्र कशा येतात ते एका नमुना घरावरून पाहू. मूल सव्वादोन वर्षांचे आहे. दुपारी तीन ते साडेपाच आजीपाशी झोपते. आठला ट्यूबलाइटखाली मोबाइल लावून घास भरवले जातात. पावणेनऊला बाबा लोकलने घरी येतात आणि दिवसभर न भेटलेले लेकरू त्यांच्याशी दंगा करते. साडेनऊला दिवा बंद होतो आणि मूल पावणेअकराला झोपते. सकाळी सातला त्याला उठवावे लागते. रात्रीचे सव्वाआठ तास आणि दुपारचे अडीच मिळून पावणेअकरा तास होतात. या वयात दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास अपेक्षित असतात.

इथे पहिला बदल दुपारी करावा. झोप एकला सुरू होऊन तीनला संपावी, म्हणजे रात्रीपर्यंत झोपेची ओढ साठते. साडेसातनंतर ट्यूबलाइट बंद करून मुलाच्या नजरेच्या खाली, कोपऱ्यात एक पिवळा दिवा लावावा आणि रात्री फक्त झिरोचा बल्ब ठेवावा, तोही शक्यतो लालसर. जेवण साडेसातला, मोबाइलविना. बाबांची भेट बंद करू नये, तिचे रूप बदलावे. कपडे बदलणे, गोष्ट, अंगाई हे त्यांच्याकडे द्यावे आणि दंगा सकाळी ठेवावा.

अंथरुणाची वेळ मात्र एकदम साडेआठवर आणू नये. मूल पावणेअकराला झोपत असेल तर सुरुवातीला सव्वादहालाच आडवे करावे. ते वीस मिनिटांत झोपू लागले की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे यावे. सकाळी उठवण्याची वेळ सातचीच राहू द्यावी, रविवारीसुद्धा. असे दोन-तीन आठवड्यांत सव्वानऊच्या आसपास पोहोचता येते. सव्वानऊ ते सात हे पावणेदहा तास आणि दुपारचे दोन मिळून पावणेबारा तास भरतात. पहिले तीन-चार दिवस मोबाइलविना जेवण कमी जाते आणि बहुतेक घरे इथेच माघार घेतात. त्या दिवसांत घास मोजू नयेत.

नेमके काय बिघडले आहे ते मुलाच्या वागण्यातून ओळखता येते. मूल अंथरुणात शांत पण टक्क जागे, बडबडत पडून असेल तर त्याचे घड्याळ उशिराचे आहे. तिथे संध्याकाळचा उजेड, सकाळचे ऊन आणि दुपारची झोप पाहावी. पळत, किंचाळत, रडत असेल तर चेतना जास्त झाली आहे किंवा झोपेची वेळ टळून गेली आहे. दोन आठवडे सगळे नीट पाळूनही झोपायला रोज अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल किंवा मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, पाय सतत हलवत असेल, तर प्रश्न दिव्याचा नाही. नाकामागची वाढलेली अॅडिनॉइड गाठ, लोहाची कमतरता, जंतांमुळे होणारी खाज अशी कारणे बालरोगतज्ज्ञच शोधू शकतात. मेलाटोनिनचे थेंब किंवा गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. खोलीत पांढरी ट्यूब जळत असताना ते देणे म्हणजे जे संप्रेरक दिव्याने दाबले, तेच बाटलीतून भरणे होय.

एका खोलीत चार-पाच माणसे झोपणाऱ्या घरात पूर्ण अंधार शक्य नसतो. अशा वेळी मुलाची जागा दिव्याच्या उलट बाजूला करावी, मध्ये साडीचा किंवा चादरीचा आडपडदा टांगावा, टीव्हीचा आवाज कमी करावा आणि त्याचा पडदा मुलाच्या नजरेआड वळवावा. मुलाच्या उशीवर आपले डोके टेकवून वर पाहिले की कोणता दिवा त्याच्या डोळ्यांत येतो ते लगेच कळते.