स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटतायत? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

हात कीबोर्डवर नसताना बिलात किंवा पत्रात मध्येच अक्षरं येऊ लागली की व्हायरस शिरला किंवा कुणीतरी कॉम्प्युटर हॅक केला, अशी धास्ती वाटते. ती साहजिक आहे. पण जवळपास कुठेही वायरलेस कीबोर्ड वापरात असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. दुसरंच कुणीतरी टाइप करतंय आणि त्याचा कीबोर्ड तुमच्या कॉम्प्युटरला जोडला गेलाय, असं असू शकतं.

वायरलेस कीबोर्डसोबत नखाएवढा एक यूएसबी रिसीव्हर येतो. स्वस्त सेटमध्ये कीबोर्ड आणि रिसीव्हर यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. रिसीव्हर ज्या कॉम्प्युटरला लावाल, त्याच्या स्क्रीनवर अक्षरं उमटतात. कीबोर्ड कुणाच्या टेबलावर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साधारण दहा मीटरपर्यंत हे चालतं, आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन असलं तरी फारसा फरक पडत नाही.

एका दुकानात असंच झालं. पुढच्या काउंटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर, त्याला वायरचा कीबोर्ड. आत ऑफिसात पत्रव्यवहाराचा कॉम्प्युटर, त्याला वायरलेस. रंगकामासाठी सामान हलवलं आणि परत लावताना आतला रिसीव्हर काउंटरच्या कॉम्प्युटरला लागला. दुसऱ्या दिवशी बिलात “vcmdkej” आलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, मग “jkdkc 4500”. दुकानदारांना वाटलं, हा कसला तरी कोड आहे. त्यांनी घाईने इंटरनेट बंद केलं, तरी अक्षरं येतच राहिली.

आतल्या ताई इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करतात. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कुठली की दाबली एवढंच पाठवतो. त्या कीचं मराठी अक्षर करायचं की इंग्रजी, हे समोरच्या कॉम्प्युटरची भाषा ठरवते. इन्स्क्रिप्टमध्ये “नमस्कार” लिहायला v, c, m, d, k, e, j या कीज लागतात. “रक्कम” म्हणजे j, k, d, k, c. काउंटरचा कॉम्प्युटर इंग्रजीवर होता, म्हणून तिथे हा गोंधळ दिसला. ताईंच्या स्क्रीनवर मात्र काहीच उमटत नव्हतं. सेल उतरले असतील म्हणून त्या सेल बदलायच्या आणि तपासायला पुन्हा “नमस्कार” टाइप करायच्या. म्हणून तोच शब्द परत परत येत होता. दोघांच्या दोन तक्रारी होत्या, बिघाड एकच. तुमच्याकडे अशी अक्षरं येत असतील तर आधी शेजारच्या टेबलावर, आतल्या खोलीत विचारा: “कुणाचा कीबोर्ड बंद पडलाय का?”

खात्री करायला नोटपॅड उघडून ठेवा, म्हणजे पुढची अक्षरं बिलात किंवा हिशेबात जाणार नाहीत. मग कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टसकट सगळे छोटे रिसीव्हर काढा आणि ब्लूटूथ बंद करा. अक्षरं थांबली तर कारण सापडलं. ज्याचा रिसीव्हर त्याच्या कॉम्प्युटरला लावा, की काम झालं. हे करूनही अक्षरं येत राहिली आणि एकच अक्षर सलग येत असेल, तर बहुधा तुमच्याच कीबोर्डची की अडकली आहे. इंटरनेट काढल्यावरच थांबत असेल, माउसचा बाणही आपोआप फिरत असेल, तर मात्र बाहेरून कुणी शिरल्याची शक्यता धरा. इंटरनेट बंदच ठेवून कॉम्प्युटर आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणा.

कपाटात ठेवलेला जुना कीबोर्डही हा घोळ करतो. त्याचं बटण चालू राहतं, वर फायलींचा गठ्ठा येतो, एखादी की दाबली जाते आणि रिसीव्हर अजून कॉम्प्युटरला असेल तर स्क्रीनभर एकच अक्षर पसरतं. कीबोर्ड ठेवून देताना बटण बंद करा, रिसीव्हर काढून सेलच्या खणात ठेवा. बऱ्याच कीबोर्डांत त्यासाठी खाच असते.

ब्लूटूथ कीबोर्डला रिसीव्हर नसतो. तो ओळखीच्या उपकरणाला आपणहून जोडला जातो, मग ते घरातला टॅबलेट असो की टीव्ही. काही कीबोर्डांवर 1, 2, 3 अशी उपकरण बदलायची बटणं असतात. चुकून दुसरं दाबलं गेलं की टायपिंग तिकडे जातं. कीबोर्ड कुणाला देऊन टाकणार असाल तर विंडोज 11 मध्ये Settings मधल्या Bluetooth & devices मध्ये जाऊन Remove device करा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. “बंद पडलेल्या” कीबोर्डवर पासवर्ड टाइप करून बघू नका. तो दुसऱ्याच्या उघड्या पत्रात स्पष्ट अक्षरांत उमटू शकतो. ताईंनी लॉगिनचा प्रयत्न केला होता, म्हणून आम्ही त्यांना तो पासवर्ड त्याच दिवशी बदलायला लावला. काउंटरच्या टॅलीमधल्या त्या वेळेच्या नोंदीही तपासल्या, कारण एंटर आणि डिलीट या कीजसुद्धा तशाच पोचतात.

एकसारखे दोन सेट घेतले असतील तर कीबोर्डच्या पाठीवर आणि रिसीव्हरवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. स्वस्त सेटचा रिसीव्हर हरवला तर सहसा सुटा मिळत नाही, पूर्ण सेटच घ्यावा लागतो. आमच्या दुकानात येताना दोन्ही कीबोर्ड, सगळे रिसीव्हर आणि स्क्रीनवरच्या अक्षरांचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन या. ती अक्षरं पुसू नका. ती कुठून आली हे त्यांच्यावरूनच कळतं.